पोट उतरवायचं, पण मांड्यांचं बळ राखून

वाचकाचं पत्र

मी ५७ वर्षांचा, नागपुरात नोकरीला. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ९१ किलो, पोटाचा घेर १०६ सेंटीमीटर. बीपीची एक गोळी चालू आहे, शुगर काठावर आहे. तीन महिन्यांनी मुलीचं लग्न आहे, तोवर १२ किलो उतरवायचेत. मागच्या वर्षी रात्रीचं जेवण बंद करून फक्त पपई खाल्ली, रोज तासभर भराभर चाललो, शिवाय बिल्डिंगचे चार मजले चढ-उतार करायचो. दोन महिन्यांत ८ किलो गेले. दिवाळीनंतर ९ परत आले आणि उजवा गुडघा दुखायला लागला, जिना उतरताना जास्त. एक्स-रेमध्ये थोडी झीज निघाली. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. मित्र म्हणतात, या वयात वजनं उचलली तर गुडघे कामातून जातील, आणि पन्नाशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतो. घरी आम्ही तिघं, पाच लिटर तेल महिनाभरात संपतं. सकाळी तर्री-पोहे, दिवसभरात दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा, ऑफिसातून येताना दोन आलूबोंडे. पुन्हा पपई सुरू करू का?

उत्तर

नाही, पपईवर परत जाऊ नका. पपई चांगली आहे, जेवणानंतर फोडी खा. पण रात्रीच्या जेवणाच्या जागी ती आली की ताटातलं प्रथिन जवळजवळ संपतं, आणि तुमच्या गुडघ्याचं दुखणं बहुधा तिथूनच सुरू झालं असावं.

माणूस ताकदीचा व्यायाम न करता आणि प्रथिनं न वाढवता झपाट्याने वजन उतरवतो, तेव्हा गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूही असतात. तुमच्या ८ किलोंमध्ये असे दीड-दोन किलो गेले असतील. दिवाळीनंतर जे ९ परत आले, ते व्यायाम नसताना आले, म्हणजे बहुतेक चरबीच. काट्यावर तुम्ही होतात तिथेच आलात, किलोभर पुढेही गेलात. पण मांड्या आधीपेक्षा अशक्त आणि पोट आधीपेक्षा जड. गुडघ्याचा भार पेलायचं मोठं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. जिना उतरताना हेच स्नायू ताणले जात असतानाच तुमचं वजन तोलून धरतात. ते कमी पडले की भार सांध्यावर येतो. म्हणून चढताना निभतं आणि उतरताना दुखतं.

त्यामुळे या खेपेला काम दोन बाजूंनी करायचं. पोट हळूहळू उतरत असताना मांड्या मजबूत होत गेल्या पाहिजेत. आधी वजन उतरवू आणि ताकदीचं नंतर बघू, हा क्रम तुमच्यासाठी उलटा आहे.

मित्रांची दोन्ही मतं नीट तपासायला हवीत. पहिलं मेटाबॉलिझमचं. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांवर लोकांच्या ऊर्जाखर्चाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि त्यातले स्नायू लक्षात घेतले, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर सावकाश उतरतो, असं त्यात दिसलं. मग पन्नाशीत पोट का सुटतं? स्नायू कमी होतात, दिवसभराचं हिंडणं-फिरणं घटतं, पण ताट तीस वर्षांपूर्वीचंच राहतं. यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे.

दुसरं मत गुडघ्याचं. एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ फार ढिला असतो. बरीच झीज असूनही आरामात चालणारी माणसं आहेत, आणि थोड्या झिजेवर कण्हणारीही. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. स्पंजासारखं दाबलं-सोडलं गेल्यावरच तिच्यात सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं. म्हणजे गुडघा पूर्ण विश्रांतीत ठेवणं हा उपाय नाही, आणि एकदम चार मजले उतरणं हाही नाही. झेपेल एवढा भार, ठरावीक वेळा, आणि तो सावकाश वाढवत नेणं, हाच मार्ग आहे. गुडघ्याच्या दुखण्यावर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा जगभर पहिल्या उपायांमध्ये सांगितला जातो.

सुरुवात घरातल्या खुर्चीपासून करा. जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली, न हलणारी खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. आधी एक चाचणी. हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं, ते मोजा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषांत १४ च्या खाली आकडा आला तर तो कमी समजतात. तुम्ही त्याहून लहान आहात, तेव्हा १४ च्या वर जाणं हे पहिलं लक्ष्य ठेवा. आजचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. गुडघा दुखायला लागला तर चाचणी तिथेच सोडा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

आता व्यायाम. खुर्चीवर एक जाड उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवून बैठक उंच करा. पाय खांद्यांएवढे फाकवून, तळवे पूर्ण जमिनीला टेकलेले. थोडं पुढे झुका, टाचांवर जोर देऊन उभे राहा. मग मनात एक-दोन-तीन मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर व्यायामाचा अर्धा फायदा गेला, कारण जिना उतरताना लागणारी ताकद या खाली येण्यातच तयार होते. गुडघे आत एकमेकांकडे वळू देऊ नका, ते पायाच्या बोटांच्या दिशेने राहू द्या. असं ८ वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा ८ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. श्वास कोंडू नका. बीपीच्या माणसाने श्वास रोखून जोर लावला की बीपी क्षणात वर चढतं. उठताना मोठ्याने आकडे मोजले तर श्वास आपोआप सुटत राहतो.

दोन-तीन आठवड्यांत १२-१२ वेळा सहज जमू लागलं की उशी काढा. तेही सहज झालं की छातीशी दोन किलोची कणकेची पिशवी धरा, मग तीन, मग पाच. प्रत्येक वेळी ‘अजून दोन-तीन होतील’ असं वाटत असतानाच थांबा. तेवढ्याने स्नायू वाढतात आणि सांध्याला त्रास होत नाही. पहिल्याच आठवड्यात जोशात पन्नास उठबशा काढणारे बरेचजण दुसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडतात.

बाकीचे व्यायाम फार खुलवून सांगत नाही, कारण तत्त्व हेच आहे. खुर्चीनंतर भिंतीला हात टेकून जोर काढा, ते सोपे झाले की स्वयंपाकाच्या ओट्यावर. सतरंजीवर पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचला आणि दोन सेकंद धरा. यात नितंबांचे स्नायू लागतात आणि गुडघ्याला फारसा भार येत नाही. खिडकीच्या गजाला रबरी बँड अडकवून तो पोटाकडे ओढा. ओट्याला धरून टाचा उचला. सगळं मिळून अर्धा तास. पोटाच्या क्रंचेसनी पोटावरचीच चरबी जात नाही, त्यामुळे त्यांत वेळ घालवू नका.

दुखणं किती चालेल, हा खरा प्रश्न. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं मनात धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत गेलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीच्या पातळीवर आलेला हवा. सकाळी जास्त आखडला असेल, किंवा दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहिल्यावर उजव्याच्या वाटीच्या कडा सुजेने बुजलेल्या दिसल्या, तर आदला दिवस जड झाला म्हणून समजा. अशा वेळी व्यायाम बंद करू नका. उशी परत ठेवा, संख्या अर्धी करा. मांड्यांचं दुखणं वेगळं असतं. ते स्नायूंत पसरलेलं असतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं, त्याला घाबरू नका. पेनकिलर घेऊन मात्र व्यायाम करू नका. एक तर सांधा देत असलेली सूचना दबते, आणि अशा बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडावरही ताण आणतात.

चालणं चालू ठेवा, पण तासभर सलग नको. सकाळी २०-२५ मिनिटं आणि रात्री जेवल्यावर १५ मिनिटं. जेवणानंतरच्या चालण्याने शुगरही कमी चढते, जी तुमची काठावर आहे. अंबाझरी किंवा फुटाळ्याचा सपाट रस्ता धरा, सेमिनरी हिल्सचा चढ-उतार पहिले तीन महिने राहू द्या. उन्हाळ्यात नागपूर ४५ अंशांच्या आसपास तापतं, तेव्हा सकाळी सात वाजायच्या आत घरी परत या. बिल्डिंगचे मजले चढायला हरकत नाही. उतरताना लिफ्ट घ्या. ती बंद असेल तर कठड्याला धरून, दुखरा पाय आधी खाली टाकून उतरा. सायकल असेल तर उत्तमच, फक्त सीट एवढी उंच हवी की पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. खुजी सीट चांगल्या गुडघ्यालाही त्रास देते.

आता ताट. तुम्ही तेलाचा आकडा लिहिलात हे फार बरं केलं, कारण त्यावरून हिशेब करता येतो. पाच लिटर, तीन माणसं, तीस दिवस. माणशी रोज सुमारे ५५ मिलिलिटर. ह्या एवढ्याच्याच साडेचारशेहून अधिक कॅलरी होतात, आणि बाहेरचे आलूबोंडे यात धरलेलेच नाहीत. घरात महिन्याचं तेल तीन लिटरवर आणलंत तर तुमच्या वाट्याच्या दिवसाला १८० कॅलरी कमी होतात आणि भाजीचा प्रकारही बदलावा लागत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन लिटर वेगळं काढून ठेवा आणि तेवढ्यात भागवायचं, असं घरात ठरवा. फोडणीला पळीऐवजी चमचा. तर्री आठवड्यातून एकदा घ्या, आणि वरचा लाल थर काढून खालचा चणा वाढून घ्या.

चहातली साखर दोन चमच्यांवरून एकावर आणलीत की आणखी ८० कॅलरी गेल्या. दोन आलूबोंड्यांच्या सहज ३०० होतात. त्या जागी मूठभर फुटाणे घेतलेत तर दोनशेच्या आसपास वाचतील. सगळी बेरीज साडेचारशेच्या घरात जाते, म्हणजे आठवड्याला तीन हजार. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. तेव्हा हा आठवड्याला ४०० ग्रॅमचा हिशेब झाला, आणि यात तुम्ही एकही जेवण सोडलेलं नाही.

आता प्रथिनांचं बघा. तुमच्या उंचीला ७५ किलो वजन व्यवहार्य धरू. उतरत्या वजनात स्नायू टिकवायला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे रोज ७५ ते ९० ग्रॅम प्रथिन लागतं. पोहे, पातळ वरण, दोन पोळ्या आणि रात्री पपई या आहारात ते जेमतेम २५-३० भरतं. उरलेलं मिळवायला पावडरचा डबा लागत नाही. सकाळी दोन अंडी, नाहीतर दह्यासोबत बेसनाची धिरडी. दुपारी घट्ट वरणाची किंवा डाळभाजीची मोठी वाटी, दोन पोळ्या, वाटीभर दही. संध्याकाळी फुटाणे. रात्री १०० ग्रॅम पनीर, किंवा ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या शिजवून भाजीत, सोबत वरण आणि एक ज्वारीची भाकर. दिवसात एक कप दूध. एवढ्यात पंचाहत्तरच्या आसपास पोचता. सावजी खात असाल तर खा, मटणाऐवजी चिकन घ्या आणि रस्सा वाटीत शिल्लक राहू द्या. हे सगळं भाताच्या आणि पोळीच्या जागी यायला हवं, त्यांच्यावर भर म्हणून नाही. भात अर्धा करा. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

यावरून १२ किलोंचं उत्तर निघतं. तीन महिन्यांत तुमचे ४ ते ५ किलो उतरतील. तुम्हाला हे कमी वाटेल, म्हणून गुडघ्याच्या बाजूने सांगते. गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या अभ्यासात असं दिसलं आहे की शरीराचं एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. साडेचार किलो गेले तर पावलागणिक अठरा किलो. पोटाचा घेरही बहुधा चार-पाच सेंटीमीटरने उतरेल, म्हणजे शेरवानीचं माप लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी द्या, आज नको. पूर्ण १२ किलोंना सणवार धरून नऊ-दहा महिने लागतील. आठवड्याला किलोच्या वर उतरत असेल तर खुश होऊ नका. खाणं फार तुटलंय आणि स्नायू जाताहेत, असं समजून एक पोळी वाढवा.

वजन आठवड्यात तीन-चार सकाळी, पोट साफ झाल्यावर घ्या आणि सरासरी लिहा. एका दिवसाचा आकडा मीठ आणि पाण्यावर किलोभर इकडे-तिकडे होतो. पहिल्या दहा दिवसांत दीड-दोन किलो गेले तरी त्यात बरंच पाणी असतं. त्याहून भरवशाची टेप. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता, दर रविवारी मापा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही सीमा मानतात, तुम्ही १०६ वर आहात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात काटा बहुधा अडेल. तेव्हा घेर उतरतोय आणि खुर्चीचा आकडा वाढतोय का ते बघा. तसं असेल तर काही बदलू नका. तिन्ही गोष्टी तीन आठवडे थांबल्या असतील तर तेलाचा डबा तपासा आणि ऑफिसात हातावर पडणाऱ्या पेढ्या-चिवड्याचा हिशेब करा. लग्नाच्या आठवड्यात काटा काढूच नका. पंगतीत जेवा, फक्त तीन दिवसांच्या वर व्यायामात खंड पडू देऊ नका.

सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा भेटा. बीपी, ईसीजी, शुगर, क्रिएटिनिन बघून घ्या. वजन उतरू लागलं की तीच बीपीची गोळी जास्त होऊ शकते. अचानक उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर बीपी मोजून डॉक्टरांना कळवा, गोळी स्वतःहून तोडू नका. माझ्याकडे पत्र पाठवणाऱ्या ज्या वाचकांना मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी तर जेवण कमी करण्याआधीच डोसबद्दल विचारावं, नाहीतर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. गुडघा मध्येच अडकत असेल, पाय अचानक दगा देत असेल, सांधा गरम होऊन सुजला असेल किंवा रात्री झोपमोड करत असेल, तर हा व्यायाम घरी रेटायचा नाही. आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून तपासून घ्या.

तीन महिन्यांनी पाच किलोची पिशवी धरून, उशीविना १२ उठबशा जमल्या, की जिम लावायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी ट्रेनरला गुडघ्याचं आणि बीपीचं सांगा. लेग प्रेसवर हलक्या वजनापासून सुरुवात करा आणि गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकवू नका. लेग एक्स्टेन्शनचं यंत्र जड वजनाने सध्या टाळा, वाटीच्या मागे दुखणाऱ्यांना ते बहुधा झोंबतं. उड्या, बर्पीज, ट्रेडमिलवर धावणं असं काही पहिल्या महिन्यात करायला लावत असतील, तर स्पष्ट नाही म्हणा. एवढं सांगूनही जो ट्रेनर ऐकत नाही, त्याची वर्षाची फी आगाऊ भरू नका.